दोन ओळींतले खडे

स्टुडिओत तिला तोडबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण भिंती पातळ होत्या आणि तिचे कान शाबूत होते. तिला राग नव्हता. काम तेच होतं तिचं. पडद्यावरची माणसं बोलायची, ऐसपैस बोलायची, आणि ती ते बोलणं तोडून दोन-दोन ओळींत पडद्याच्या तळाला मांडायची. ज्यांचे कान गेलेत त्यांनी डोळ्यांनी ऐकावं म्हणून.

एका ओळीत सदतीस. अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं धरून सदतीस. एका वेळी दोनच ओळी. त्या पडद्यावर राहणार चार सेकंद, फार तर सहा. तेवढ्यात माणसाने वाचायचं, वर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि पुढच्या दोन ओळींना तयार व्हायचं. नियम म्हटलं तर एवढाच. बाकीचं सगळं तोडायचं कुठे यात होतं.

बावीस वर्षं तिने हे केलं. केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला, एक लग्न झालं आणि मोडलं. त्या लग्नाबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "सहा वर्षं टिकलं." पुढे काही नाही. वेळवाला म्हणायचा, "बाई, याला दुसरी ओळ?"

"लागत नाही," ती म्हणायची.

वेळवाला म्हणजे तिच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस. कोणती ओळ कुठल्या क्षणी उमटावी आणि कुठल्या क्षणी पुसावी, ते तो लावायचा. पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला, पण कामात चोख.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, तिच्यातून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, ती वरच्या मजल्यावरच्या बाईने लग्नकार्याला म्हणून नेली ती परत आली नाही, आणि मागायला जावं एवढी तिची गरजही पडली नाही. घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे संध्याकाळी तिचा आवाज बसल्यासारखा व्हायचा. कधी दुधाच्या पिशवीवरची सूचना मोठ्याने वाचायची. वाचता वाचता तोडायची. "उघडल्यावर थंड जागी ठेवावे," इथे एक ओळ, "आणि दोन दिवसांत संपवावे." डोक्याला लागलेली सवय, जात नाही.

माणूस म्हणून तिला एकच होता, दादा. थोरला भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली आणि बदल्यात दोन्ही कान देऊन आला. वहिनी गेली तेव्हापासून मुलाकडे राहतो, बसने नऊ तासांवर. त्या घरात पाहुण्याला पाठ टेकायला जागा नाही, त्यामुळे तिचं जाणं वर्षातून एकदा, सकाळी पोचायचं आणि दुपारच्या बसने फिरायचं. फोनवर बोलायची सोय नाही, कारण ऐकणार कोण? समोर चेहरा दिसणारा फोन एकदा करून बघितला. दादा पडद्याला नाक लावून बसला आणि म्हणाला, "तुझे ओठ बघू की तुझे डोळे बघू, धाकटे? दोन्ही जमत नाही."

तर त्यांचं बोलणं चालायचं ते असं. दर रविवारी दुपारी चार वाजता एक कार्यक्रम लागायचा, पन्नास मिनिटांचा. म्हातारी कारागीर माणसं आपलं काम सांगायची. तळाच्या ओळी तिच्या. दादा तो बघायचा आणि पाच वाजायच्या आत तिच्या फोनवर एक निरोप यायचा.

"खडे: तीन."

खडे म्हणजे भातातले. चांगला मऊ घास चालू असावा आणि दाताखाली कचकन यावं, तसं वाचताना जिथे झालं तो खडा. ओळ भलत्या ठिकाणी तोडलेली. कधी तो पुढे मिनिटही लिहायचा. "खडे: दोन. अकराव्या मिनिटाला 'तीन' वरती ठेवलास आणि 'हातोडे' खाली पाडलेस. पायावर पडले." ती बघायची, आणि बहुतेक वेळा म्हातारा बरोबर असायचा.

तोडायचं कसं ते तिला शिकवलंही त्यानेच. ती पाच-सहा वर्षांची असताना तो तिला मांडीवर घेऊन वाचायला शिकवायचा. बोट शब्दाखालून सरकायचं आणि मधेच थांबायचं. "इथे दम घे," म्हणायचा. ती भलतीकडे थांबली की टपली. "अगं, 'काळ्या' म्हणून थांबलीस तर ते घोडं कुठे जाईल? दोघांना एकत्र ने." स्टुडिओत लागल्यावर तिला नियमांचं पुस्तक दिलं तेव्हा ते उघडून ती हसली होती. विशेषण आणि नाम वेगळं करू नये. अमक्याच्या म्हटलं की अमक्याचं काय ते त्याच ओळीत यावं. क्रियापद आणि त्याचं 'नाही' यांची ताटातूट करू नये. जाऊन, बसून, उठून अशी माळ लागली तर 'ऊन'पाशी तोडावं. 'पण' आणि 'कारण' नव्या ओळीच्या तोंडाशी घ्यावं. सगळं त्या टपल्यांत येऊन गेलेलं.

मग स्टुडिओच्या मॅडमनी यंत्र आणलं. यंत्र म्हणजे डोळ्याला दिसणारं काही नाही, संगणकातच कुठेतरी बसलेलं. बोलणं त्याला दिलं की ते सदतीस मोजायचं, सदतिसाच्या आत जे शेवटचं मोकळं मिळेल तिथे तोडायचं, दोन ओळी भरल्या की पुढच्या दोन ओळींचा ब्लॉक. पन्नास मिनिटांचं काम चहा निवायच्या आत. तोडबाईला त्याला दोन दिवस लागायचे.

"मावशी, तुम्ही आता फक्त शुद्धलेखन बघा," मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हती. तिशीतली, कायम घाईत, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. "तोडायचा त्रास नको तुम्हाला."

"त्रास नव्हता तो," ती म्हणाली. पण मॅडम फोनवर दुसऱ्या कोणाला "हां, बोला" म्हणत होत्या.

पहिल्या रविवारी निरोप आला. "खडे: एकतीस. तब्येत बरी आहे ना?"

तिने दोनदा वाचला. मग लिहिलं, "बरी आहे. कामाचा ताण होता." यंत्राचं नाव तिने काढलं नाही. आपल्या हातचं काम काढून घेतलंय, हे मोठ्या भावाला कसं सांगावं? आणि सांगितलं तर तो बघायचं सोडेल, ही भीती वेगळी.

दुसऱ्या रविवारी, "खडे: चव्वेचाळीस. चष्मा बदल."

तिसऱ्या रविवारी पाच वाजले, सहा वाजले, काही नाही. सोमवारी दुपारी निरोप आला. "रविवारचं आता बघत नाही. डोळे थकतात. टीव्ही पण पोराच्या खोलीत नेला."

ती स्टुडिओच्या जिन्यात उभी होती. निरोप छोटा, आणि त्यात खडा एकही नव्हता. पुढचा रविवार तिला जिन्यातूनच दिसला. पाच वाजतील, पाण्याची टाकी भरून वाहील, आणि फोन टेबलावर उताण्या पडलेल्या झुरळासारखा गप्प राहील. मग त्याच्या पुढचा रविवार. तिने हिशेब केला नाही, पण तिला कळलं की दादाशी बोलायला तिच्याजवळ एवढी एकच पन्नास मिनिटांची फट होती आणि ती बुजली.

ती वर गेली आणि वेळवाल्याला म्हणाली, "मला पुढचा भाग परत हाताने तोडायचाय."

"कुणाला कळणार, बाई? ऐकणारे ऐकतात. खालचं कोण बघतं?"

"जो ऐकत नाही तो बघतो."

"तो तक्रार करत नाही."

"तो बघायचं सोडतो," ती म्हणाली. "तक्रार तीच असते."

वेळवाल्याने खुर्ची फिरवली. गडी फाटक्या तोंडाचा असला तरी मठ्ठ नव्हता. "मॅडमना असं सांगून चालणार नाही," तो म्हणाला. "त्यांना दाखवायला लागेल. काय दाखवाल?"

त्या प्रश्नावर ती दिवसभर अडली. यंत्राने तोडलेलं आणि आपण तोडलेलं कागदावर शेजारी ठेवलं तर दोन्हीत शब्द तेच. मॅडम म्हणणार, आहे की सगळं. कान असलेल्या माणसाला खडा लागत नाही, कारण त्याचा घास कानातून जातो.

पुढच्या भागात एक म्हातारा होता, वजनकाटे दुरुस्त करणारा. गावोगाव हिंडून दुकानांचे काटे तपासायचा. बोलायचा असा की वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नाही, गाडीची चाकं उताराला लागल्यासारखं. तिने दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता त्याच्या बोलण्यातली दोन मिनिटं घेतली. पहिलं मिनिट यंत्राचं ठेवलं. दुसरं स्वतः तोडलं. मग मॅडमना लहान खोलीत नेलं.

"पाच मिनिटं, मावशी. माझी मीटिंग आहे."

"दोनच. कानातलं काढा." तिने आवाज बंद केला.

पहिलं मिनिट गेलं. पडद्यावर म्हातारा हलत होता आणि तळाला येत होतं:

मी दुकानात शिरलो की आधी दुकानदाराच्या
हाताकडे बघायचो, कारण काटा खोटा असला

आणि ते पुसून:

तर माणसाचा हात आधी हलतो आणि डोळे
नंतर.

तिने चित्र थांबवलं. "म्हाताऱ्याच्या हातात काय होतं?"

"हातात?" मॅडम म्हणाल्या. "हातात होतं काही?"

"तराजू होता. पूर्ण मिनिटभर."

"मी वाचत होते ना."

"हो. आता पुढचं मिनिट बघा."

पुढच्या मिनिटात म्हातारा त्याच उताराला लागलेला, वाक्य तेवढंच लांब. पण आता ओळी माणसासारख्या थांबत होत्या. जिथे त्याचा विचार वळत होता तिथे ओळ वळत होती, 'कारण' आलं की नवी ओळ, 'तर' आपल्या 'असला'ला धरून. मॅडमची नजर खाली जात होती, वर येत होती, परत खाली. तिने थांबवलं.

"आता काय होतं हातात?"

"वजन. पितळेचं." मॅडम थांबल्या. "आणि अंगठा. त्याच्या अंगठ्याला नखच नाही, मावशी."

"नाहीच आहे."

मॅडमनी चित्र स्वतःच मागे नेलं आणि पहिलं मिनिट परत लावलं. यंत्राच्या ओळी येत राहिल्या आणि त्या कपाळाला आठ्या घालून वाचत राहिल्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "तुटलं की पुढच्या ओळीत शेपूट शोधावं लागतं. मान वर होत नाही."

बावीस वर्षांत तोडबाईला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं. कारखान्यात कान गमावलेल्या दादाने हेच सांगितलं होतं एकदा, कागदावर लिहून. "ओळ मोडली की मी खालीच अडकतो. बोलणाऱ्याचं तोंड राहून जातं."

"पण दोन दिवस नाही देऊ शकत," मॅडम म्हणाल्या. त्या पुन्हा मॅडम झाल्या होत्या. "यंत्र आधी तोडेल. त्यावर तुम्ही दुरुस्ती करा. चार तास. याच भागाला. पुढचं पुढे."

"चार तासांत पन्नास मिनिटं?"

"मावशी, मीही कुणालातरी उत्तर देते."

शुक्रवारी अकराला ती बसली. आतापर्यंत तिने कोरं कापड कापलं होतं. आता दुसऱ्याने कापून टाकलेल्या चिंध्या जोडून सदरा शिवायचा होता. एका ब्लॉकमधला शब्द वर ओढला की खालचा ब्लॉक उघडा पडायचा. त्याला झाकायला तिसऱ्यातून घ्यावं लागायचं. शब्द हलले की वेळही हलवावी लागायची, नाहीतर म्हाताऱ्याचं तोंड मिटलेलं आणि ओळ बडबडतेय. वेळवाला न बोलावता खुर्ची ओढून बसला. ती तोडायची, तो क्षण सरकवायचा.

"इथे म्हातारा 'मी त्यांना सांगितलं' म्हणून पाणी प्यायला," तो म्हणाला. "दोन सेकंद गप्प आहे. यंत्राने तिथेच ब्लॉक संपवलाय. ठेवायचा?"

"काय सांगितलं ते येऊ दे की. 'सांगितलं की'पर्यंत एक ओळ, आणि काय सांगितलं ते खालच्या ओळीत."

"मग तो पाणी पीत असताना वाचणाऱ्याला आधीच कळणार."

तिने तो तुकडा परत बघितला. म्हातारा पाणी पितो, पेला ठेवतो, मग म्हणतो, "काटा नाही, तुम्ही वाकडे आहात." पाणी पिण्यातच गंमत होती त्याची. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "'सांगितलं' इथेच संपव. उरलेलं पेला ठेवल्यावर. हसू आधी सांडायला नको."

"म्हणजे यंत्र बरोबर होतं?"

"बंद पडलेलं घड्याळ आहे ते. एखाद्या वेळी बरोबर असतंच."

अडीच वाजता दोन तृतीयांश झालं होतं. डोळ्यांपुढे काना-मात्रा मुंग्यांसारख्या चालायला लागल्या. तीनला दहा मिनिटं असताना ती बेचाळिसाव्या मिनिटाला पोचली. म्हातारा आपलं लहानपण सांगत होता. यंत्राने तोडलं होतं:

काटा कसा धरायचा ते मला माझ्या मोठ्या
भावाने शिकवलं.

हात आपोआप उठला. 'ते मला'पाशी तोडायचं, आणि 'माझ्या मोठ्या भावाने शिकवलं' ही ओळ अखंड खाली. दोन कळा दाबायचं काम. तिने दाबल्या नाहीत.

तिच्या मनात भलताच विचार आला होता. हा भाग साफ झाला तर दादा काय लिहील? "खडे: शून्य." बस. शून्यापुढे काय लिहिणार माणूस? कुठलं मिनिट सांगणार, कशावरून टोमणा मारणार? तीन खडे होते तेव्हा तीन वाक्यं यायची.

"ते राहिलं, बाई," वेळवाला म्हणाला.

"दिसलं मला."

"मग?"

"पुढचं घे."

त्याने तिच्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. त्याच्या बाबतीत ते आश्चर्यच होतं. शेवटची आठ मिनिटं त्यांनी पळत केली आणि तीन वाजून चार मिनिटांनी काम दिलं.

संध्याकाळी तिने दादाला लिहिलं, "या रविवारचं बघ." उत्तर आलं नाही. शनिवारी परत लिहावंसं वाटलं, पण ती काही भीक मागणारी बाई नव्हती.

रविवारी चार वाजता तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि पलंगावर बसली. म्हातारा आला. दुकानं, काटे, नख नसलेला अंगठा. ओळी येत होत्या, जात होत्या, आणि तिला प्रथमच जाणवलं की आपण केलेलं काम चांगलं असलं तर ते दिसतच नाही. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी 'मोठ्या' वर राहिला आणि 'भावाने' खाली पडला. तिच्या दाताखाली कचकन आलं. ज्यांना कान नाहीत असे आणखी किती लोक आत्ता त्या ओळीशी अडकले असतील? त्यांनी काय घोडं मारलं होतं तिचं? आपल्या रविवारासाठी तिने त्यांच्या घासात खडा टाकला होता. तिला लाज वाटली. एकटीच होती, तरी तोंड भिंतीकडे केलं.

पाच वाजले. साडेपाच. पाण्याची टाकी भरून वाहिली आणि थांबली. तिने दोन पोळ्या केल्या, एक खाल्ली. फोन काही बोलला नाही.

सोमवारी सकाळी ती चपला घालत असताना निरोप आला. लांब होता. दादा इतकं लांब कधी लिहीत नसे.

"पोरगं बाहेरगावी, खोलीला कुलूप. न्हाव्याच्या दुकानात जाऊन बघितलं. त्याने नुसतं बसू दिलं नाही, म्हणून डोकं भादरून घेतलं. आता आरशात बघवत नाही. खडे: एक. बेचाळिसावं मिनिट. मोठ्याच्या आणि भावाच्या मधे कुऱ्हाड घातलीस. असली चूक तू सहा वर्षांची असतानाही केली नव्हतीस. बाकीचं सगळं निवडलेलं आणि हा एकच राहिला, हे होत नाही. मुद्दाम ठेवलास. रात्रभर विचार केला, लिहू की नको. मला लिहायला काहीतरी असावं म्हणून ठेवला असशील, तर तसं करू नकोस. इतर लोकही जेवतात. कसा आहेस असं सरळ विचार. मी मागच्या रविवारी गप्प होतो, कारण मला वाटलं तुझे डोळे गेले आणि तू लपवतेस. तेवढं वाचवेना. म्हाताऱ्याच्या अंगठ्याला नख नाही. ते दिसलं, म्हणजे ओळी नीट होत्या."

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती दारात उभी राहिली. वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरत होती, ती म्हणाली, "बरं नाही का?" तोडबाईने हातातली चप्पल पायात घातली. बाई गेली.

स्टुडिओत पोचल्या पोचल्या ती वेळवाल्याला म्हणाली, "परवा, बुधवारी, तो भाग परत लागतो ना? बेचाळिसावं मिनिट उघड."

"सापडलात वाटतं," तो म्हणाला आणि उघडलं. दोन कळा. 'माझ्या मोठ्या भावाने शिकवलं' खाली एका ओळीत येऊन बसलं, आणि 'काटा कसा धरायचा ते मला' वर. वेळेला हात लावावा लागला नाही.

मॅडम दारातून जाता जाता थांबल्या. "मावशी, पुढच्या भागालाही चार तास घ्या. त्याच्यापुढचं मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिलाही माहीत नव्हतं.

दुपारी ती जिन्यात जाऊन बसली आणि दादाला लिहायला घेतलं. सरळ विचार, म्हणाला होता. सरळ विचारायची तिला सवय नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं तोडत आलेली बाई, स्वतःचं बोलणं कुठून सुरू करायचं तेच सुचेना. मग तिने न तोडता लिहिलं, एका दमात, कसा आहेस, मुलगा खोलीला कुलूप का लावतो, जेवायला वेळेवर मिळतं का, माझे डोळे बरे आहेत आणि तोडायचं काम मधे यंत्राला दिलं होतं म्हणून ते खडे आले आणि मला सांगायची लाज वाटली, आणि टीव्ही तुझ्या खोलीत परत आणून घ्यायला मी येऊन मुलाशी बोलू का, आणि डोकं भादरलेला फोटो पाठव. एकच वाक्य. पूर्णविराम शेवटी. फोनच्या अरुंद पडद्याने ते जागा मिळेल तिथे मोडलं, 'वेळेवर' एका ओळीत आणि 'मिळतं का' दुसऱ्या, 'सांगायची' वर आणि 'लाज' खाली. तिला ते दिसलं. तिने तसंच पाठवलं.

उत्तर यायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती पायरीवर बसून राहिली, वरून वेळवाला हाका मारत असतानाही.

"खडे: अकरा," दादाने लिहिलं होतं. "फोटो नाही. बुधवारी परत न्हाव्याकडे जातो. आता कापायला काही उरलं नाही, तर काय सांगून बसू ते सुचव."